अकरा पानांचे एक पान

आयुष्याची एकतीस वर्षे मी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात काढली. खरेदी खात्यातल्या माणसाला चहा पुष्कळ मिळतो आणि वाचायलाही पुष्कळ मिळते. चहा चांगला असतो. वाचायला मिळते ते मात्र एकाच साच्यातले. माल पुरवू इच्छिणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रके! त्यांतल्या पहिल्या पानावर 'आमच्याविषयी' असे शीर्षक असे आणि त्याखाली जगातली सगळी चांगली विशेषणे रांगेने उभी असत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ती मनापासून वाचली. दुसऱ्या वर्षापासून ते पान उलटून थेट यंत्रांच्या यादीकडे जाऊ लागलो. निवृत्त झालो तेव्हा वाटले, चला, सुटलो.

पण सुटका अशी सहजासहजी होत नसते. गेल्या वर्षी गणपती उठले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या खालच्या मजल्यावरचे नाना एक वही काखोटीला मारून आमच्याकडे आले. नानांचा भोसरीला स्प्रिंगांचा लहानसा कारखाना आहे. अकरा माणसे, चार यंत्रे, एक भट्टी. बरोबर त्यांचे चिरंजीवही होते. तो आता कारखान्यात बसतो.

"तात्या," नाना म्हणाले, "पोरगा वेबसाईट काढतोय. त्यात 'आमच्याविषयी' म्हणून एक पान लागतं म्हणे. मी मुद्दे काढलेत. तुम्ही जरा भाषा तेवढी बघा."

मुद्दे अकरा पाने होते. वही उघडली आणि पहिल्याच पानावर माझे जुने सोबती मला भेटले. मासला देतो:

'१९८५ साली स्थापन झालेली स्प्रिंग उद्योगातील अग्रगण्य व नामवंत संस्था. दीडशे वर्षांचा एकत्रित अनुभव. जागतिक दर्जा. सरकारमान्य. आयएसओ. दर्जाशी तडजोड नाही. देशातील सर्व नामांकित कंपन्या आमच्या ग्राहक. ग्राहक हाच देव. मी एकट्याने शून्यातून विश्व उभे केले.'

"हे दीडशे वर्षांचं काय?" मी विचारले.

"अकरा जणांची वर्षं मिळवली," चिरंजीव म्हणाले.

या हिशेबाने आमच्या सोसायटीला संसाराचा हजार वर्षांचा अनुभव आहे, आणि तरी दर बैठकीत पाण्याच्या टाकीवरून भांडण होते! पण मी हसलो नाही, कारण चिरंजिवांनी पुढे जे सांगितले ते हसण्यासारखे नव्हते. त्यांचे निम्मे काम ज्या एका ग्राहकाकडून येत असे, तो आपला कारखाना दुसऱ्या राज्यात हलवीत होता. विजेची बटणे बनवणाऱ्या एका नव्या कंपनीशी बोलणे सुरू झाले होते. त्या कंपनीचा खरेदी अधिकारी भेटीला येण्यापूर्वी वेबसाईट पाहणार होता. ते काम मिळाले नाही तर अकरांतल्या चौघापाच जणांना घरी बसवावे लागले असते.

"मग भाषा राहू द्या," मी म्हटले. "आधी यातलं खरं काय ते बघू."

नाना जरा दुखावले. "म्हणजे मी खोटं लिहिलंय?"

"तसं नाही, नाना. खरं आणि दाखवता येईल असं, यांत फरक आहे."

नवख्या लेखकाचा घोटाळा नेमका इथेच होतो. त्याला वाटते, आपले काम म्हणजे कच्च्या टिपणांना चांगली वाक्ये चढवायची. पण फुशारकी भाषेत नसते, ती पुराव्याच्या अभावात असते. 'आमच्याकडे भार मोजण्याचे यंत्र आहे आणि त्याची तपासणी दर वर्षी होते' या वाक्यात कुणाला बढाई दिसणार नाही, कारण ते यंत्र आणि तो तपासणीचा कागद दोन्ही दाखवता येतात. 'जागतिक दर्जा' हे मात्र कितीही नम्रपणे लिहिले तरी बढाईच. म्हणून मी घरातल्या दोन पेन्सिली काढल्या. ज्या वाक्याला कागद, वस्तू किंवा माणूस साक्षीला उभा करता येईल त्याखाली निळी रेघ. जे नुसते आपणच म्हणतो त्याखाली तांबडी. अकरा पाने झाली तेव्हा वही एखाद्या नापास मुलाच्या उत्तरपत्रिकेसारखी दिसू लागली होती.

तांबड्या रेघांपैकी बऱ्याच जणी एका साध्या प्रश्नाने निकालात निघाल्या. याच्या उलट कुणी लिहील काय? 'आम्ही दर्जाशी अधूनमधून तडजोड करतो' असे लिहिणारा कारखानदार अजून जन्माला यायचा आहे. मग 'तडजोड करत नाही' या वाक्याने वाचणाऱ्याला कळले काय? काहीच नाही. दुसरी कसोटी अशी की, त्या वाक्यात शेजारच्या गाळ्यातल्या कारखान्याचे नाव घालून पाहावे. वाक्य तसेच्या तसे बसले तर ते आपले नव्हेच. या दोन चाळण्यांतून अकरा पानांची चार झाली.

'सरकारमान्य' हा शब्द चिरंजिवांना सोडवेना. त्यांच्याकडे उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र होते. पण ती लघुउद्योग म्हणून झालेली नोंद आहे. आपल्या मालाला सरकारने शाबासकी दिली असा तिचा अर्थ होत नाही. आयएसओचेही तसेच. जिनेव्हाची ती संस्था मानके ठरवते, पण स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम निराळ्या प्रमाणन संस्था करतात. त्यांचे प्रमाणपत्र साधारणतः तीन वर्षांचे असते आणि मधल्या वर्षांत तपासण्या होतात. शिवाय ९००१ क्रमांकाचे मानक आहे ते कारभाराच्या पद्धतीविषयी. प्रत्येक स्प्रिंग उत्तम निघेल अशी हमी त्यात नाही. लिहायचेच तर कोणते मानक, कोणत्या संस्थेने प्रमाणपत्र दिले आणि ते केव्हापर्यंत चालू आहे, एवढे लिहावे. मी कागद मागितला. नानांनी कपाटातून फ्रेमसह आणला. त्यावरची मुदत २०२१ सालीच संपली होती. कुणाच्या लक्षातच आले नव्हते, कारण भिंतीवरच्या फ्रेमकडे घरचा माणूस कधी पाहत नाही. खरेदी अधिकारी मात्र पहिल्यांदा तिकडेच पाहतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

ग्राहकांच्या यादीत एका फार मोठ्या मोटार कंपनीचे नाव होते. विचारल्यावर कळले की नाना त्या कंपनीला थेट माल देत नाहीत. तिला कुलपे पुरवणाऱ्या एका कारखान्याला देतात. "पण शेवटी स्प्रिंग गाडीतच बसते ना?" नाना म्हणाले. बसते खरी. पण त्या कंपनीत कुणी फोन करून नानांची चौकशी केली, तर तिकडचा माणूस म्हणणार, 'कोण नाना?' आणि त्या दोन शब्दांनी बाकीचे सारे पान खोटे पडणार. आम्ही मोठी नावे काढली आणि माल कशात जातो ते लिहायचे ठरवले: कुलपे, विजेची बटणे, शेतीपंपांच्या झडपा. दोन थेट ग्राहकांना मात्र चिरंजिवांनी पत्र पाठवून विचारले की तुमचा फोन नंबर चौकशीसाठी देऊ का. दोघांनीही होकार दिला, पण नाव छापू नका, कुणी मागितले तर सांगा, असे बजावले. तेही पानात तसेच लिहिता येते.

आता उरले ते १९८५ साल.

"त्या वर्षी मी या धंद्यात आलो," नाना म्हणाले.

"आलात म्हणजे नोकरीला लागलात का?"

"हो. चिंचवडला एका स्प्रिंगवाल्याकडे."

"मग ती त्याची स्थापना झाली, नाना. तुमची कुठली?"

स्थापनेचे साल सांगताना लहान कारखानदार हमखास चुकतो, आणि दर वेळी तो खोटेच बोलत असतो असे नाही. त्याच्या मनात धंदा सुरू होतो तो दिवस एक, पहिले बिल फाडतो तो दुसरा, नोंदणी होते तो तिसरा. यांपैकी कोणताही दिवस चालेल. पण कोणता ते सांगावे आणि त्याचा कागद जवळ असावा. जीएसटीचा कागद इथे उपयोगाचा नाही, कारण ती पद्धतच १ जुलै २०१७ ला आली आणि त्यावरून पाहिले तर सगळेच कारखाने कालचे ठरतील. त्याच्या आधीचे विक्रीकराचे, विजेचे किंवा भाड्याचे कागद शोधावे लागतात. मी नानांना पहिले बिलबुक शोधायला सांगितले.

दोन दिवसांनी ते मिळाले. काकूंनी माळ्यावरच्या पेटीतून काढून आणले होते. कागद पिवळा पडला होता, पण तारीख स्वच्छ होती. साल १९८९. पन्नास पैशांना एक या दराने दोनशे स्प्रिंगा. आणि खाली सही होती, ती नानांची नव्हती.

मी वर पाहिले. नाना खिडकीबाहेर पाहत होते. काकू म्हणाल्या, "सांगा की आता. तात्या काही परके नाहीत."

तेव्हा कळले की सुरुवातीला दोघे होते. पत्र्याची शेड नानांच्या मामांची आणि जुना लेथ मित्राचा. त्या लेथवर दांडा बसवून त्याभोवती हातांनी तार गुंडाळायची, अशी त्यांची पहिली स्प्रिंग. आठ वर्षांनी, १९९७ साली, पैशांवरून दोघांचे बिनसले आणि मित्र वेगळा झाला. त्यानंतर बोलणे नाही. अकरा पानांत त्या माणसाचे नाव एकदाही आले नव्हते. 'मी एकट्याने शून्यातून विश्व उभे केले' या वाक्याखाली माझी तांबडी रेघ आधीच होती, पण ती का बरोबर होती हे मला त्या दिवशी समजले.

"हे कुणाला कळणार आहे?" नाना म्हणाले.

मी म्हटले, "भोसरीत? तुमच्या वयाच्या प्रत्येक माणसाला."

लहान धंद्याचे जग लहान असते. तिथे तार विकणारा, मुलामा देणारा, टेम्पोवाला सगळे एकमेकांना ओळखतात. ज्या खरेदी अधिकाऱ्याला चौकशी करायची असते, तो यांच्याकडेच करतो. आणि 'एकट्याने' या शब्दावर त्यांतला एकजण जरी हसला, तरी ते हसू खरेदी अधिकाऱ्यापर्यंत पोचते. मी नानांना एवढेच सांगितले की भांडण लिहू नका, त्याची कुणाला गरज नाही. पण दोघांनी सुरुवात केली हे लिहा. नाना काहीच बोलले नाहीत. वही तिथेच ठेवून गेले.

ती वही रात्री मी पुन्हा चाळली. सातव्या पानावर एक ओळ होती. लिहून खोडलेली, पण वाचता येण्याजोगी: 'कुलुपवाले, २००९, चार हजार.' बस्स, इतकेच. टिपणांत खोडलेली ओळ दिसली की मी नेहमी थांबतो. लिहिताना माणसाला काहीतरी आठवलेले असते आणि मग लाज वाटलेली असते.

सकाळी विचारले. नाना आधी उडवाउडवी करू लागले, मग सगळे सांगितले. त्या वर्षी कुलुपांच्या एका कारखान्याला त्यांनी चार हजार स्प्रिंगा दिल्या. भार तपासून, मोजून, चकचकीत जस्ताचा मुलामा देऊन. कुलपे जोडून झाली आणि तिसऱ्या दिवशी गोदामात, कुणी हात न लावता, आतल्या स्प्रिंगा बसल्या जागी तुटू लागल्या.

हे कसे घडले ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. स्प्रिंगेचे पोलाद कडक असते. मुलामा देण्यापूर्वी ती आम्लात धुतात आणि मग विजेने तिच्यावर जस्त चढवतात. या दोन्ही कामांत हायड्रोजन वायू निघतो आणि त्याचा काही अंश पोलादाच्या आत शिरतो. त्याने पोलाद ठिसूळ होते. वरून काही दिसत नाही आणि त्याच वेळी भार देऊन पाहिला तरी स्प्रिंग टिकते. पण दाबून ठेवली की काही तासांनी, कधी काही दिवसांनी, तिला तडा जातो. यावर उपाय म्हणजे मुलाम्यानंतर लवकर, चार तासांच्या आत, स्प्रिंगा सुमारे दोनशे अंशांच्या भट्टीत घालून कित्येक तास भाजायच्या, म्हणजे तो वायू निघून जातो. नाना मुलामा बाहेरून देऊन घेत. त्या दिवशी माल तिथेच रात्रभर पडून राहिला होता आणि भाजला दुसऱ्या दिवशी दुपारी.

"मग काय केलंत?"

"काय करणार? सगळा माल बदलून दिला. कुलपं उघडायची मजुरी दिली. हिच्या पाटल्या गहाण पडल्या. आणि पुढल्या वर्षी स्वतःची भट्टी घेतली. मुलामा बाहेर, पण भाजायचं आपल्याकडे."

"आणि तो कुलुपवाला?"

"अजून माल घेतो की! आत्ताच तुम्ही पत्र पाठवायला लावलंत ना, त्यातला एक तोच."

मी उठून बसलो. अकरा पानांत जे सापडत नव्हते ते या खोडलेल्या ओळीत होते. एकतीस वर्षे ज्या वाक्याची मी वाट पाहिली ते हेच: आमचा माल कसा बिघडू शकतो हे आम्हांला ठाऊक आहे, आणि त्यासाठी आम्ही अमुक करतो. खरेदी करणाऱ्याला माल कधीच बिघडत नाही असे सांगणारा नको असतो. बिघडल्यावर फोन उचलणारा हवा असतो.

चिरंजीव मात्र हबकले. "काका, आपलीच चूक आपण छापायची? स्पर्धकांच्या हाती कोलीत!"

त्यांची शंका चुकीची नव्हती. प्रत्येक चूक सांगण्याजोगी नसते. माझ्या मते तीन गोष्टी जुळल्या तरच ती लिहावी. ती संपलेली असावी, म्हणजे त्या ग्राहकाचे समाधान झालेले असावे. तिचे कारण नक्की कळलेले असावे. आणि तिच्यामुळे जो बदल केला तो आजही चालू असून दाखवता यावा. यांतली एक जरी नसेल, तर कबुलीसुद्धा एक प्रकारची फुशारकी होते. 'पाहा आम्ही किती प्रामाणिक!' पहिल्या दोन गोष्टी जुळल्या होत्या. तिसरी पाहायला आम्ही तिघे भोसरीला गेलो.

भट्टीशेजारी नोंदवही टांगलेली होती. खेप क्रमांक, मुलामा केव्हा झाला, भट्टीत केव्हा गेली, तापमान, केव्हा काढली. मी मनात एक वाक्य जुळवूनच ठेवले होते: '२०१० पासून प्रत्येक खेपेची नोंद आमच्याकडे आहे.' पाने उलटत गेलो. मार्च महिन्यात आलो आणि तीन पाने कोरी!

नाना गोरेमोरे झाले. भट्टी पाहणारा माणूस त्या दिवसांत गावी गेला होता. "माल भाजला होता, तात्या. देवाशपथ सांगतो. नोंद तेवढी राहिली."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण माझा विश्वास वेबसाईटवर लावता येत नाही. 'प्रत्येक' हा एक शब्द आमच्या सगळ्या वाक्याला जड झाला होता. आता वाक्य बदलायचे किंवा कारखाना बदलायचा, एवढेच दोन मार्ग होते. 'बहुतेक खेपांची नोंद आहे' असे लिहिले असते तर खोटे नव्हते; पण ते वाचून मीच, खरेदी खात्यातला जुना माणूस, विचारले असते, 'आणि उरलेल्यांचे काय?'

नानांनी कारखाना बदलला. आणखी एका माणसाला भट्टीचे काम शिकवले आणि नियम केला की नोंद भरून सही झाल्याखेरीज खेप दाराबाहेर काढायची नाही. मीच सांगितले की हे दोन महिने चालवून पाहा, मग पान लिहू. चिरंजिवांना घाई होती. खरेदी अधिकारी येण्याचे दिवस जवळ येत होते. तरी त्यांनी थांबायचे कबूल केले आणि तोवर वेबसाईटवर नुसता पत्ता, फोन आणि यंत्रांची यादी ठेवली.

दिवाळी त्या दोन महिन्यांत येऊन गेली. पाडव्याच्या संध्याकाळी नाना फराळाला आले. बेसनाचा लाडू हातात घेऊन बराच वेळ बसले आणि मग म्हणाले, "फोन केला होता."

"कुणाला?"

"लेथवाल्याला. सत्तावीस वर्षांनी. म्हटलं, तुझा उल्लेख करायचाय, चालेल का? आधी गप्प बसला. मग म्हणाला, माझं नाव नको घालूस. पण लेथ माझा होता, तेवढं लिही."

आम्ही तेवढे लिहिले. डिसेंबरात तयार झालेले पान पुढे देतो. नाव-पत्ता तेवढा वगळला आहे.

'आम्ही भोसरीला लहान स्प्रिंगा बनवतो. दाबाच्या, ताणाच्या आणि पिळाच्या, अशा तिन्ही प्रकारच्या. तार अर्धा ते पाच मिलिमीटर जाडीची. पन्नास नगांपासून ऑर्डर घेतो. याहून जाड तारेचे काम आणि मोटारींच्या पाट्यांचे काम आम्ही करत नाही.

१९८९ साली दोघा मित्रांनी हे काम सुरू केले. शेड एकाची होती आणि लेथ दुसऱ्याचा. १९९७ पासून कारखाना त्यांच्यापैकी एकजण चालवतात. आता त्यांचा मुलगाही सोबत आहे. अकरा माणसे काम करतात. त्यांतील चौघांना इथे वीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे.

आमच्या स्प्रिंगा कुलपांत, विजेच्या बटणांत आणि शेतीपंपांच्या झडपांत बसतात. आमच्याविषयी चौकशी करायची असेल तर दोन ग्राहकांनी बोलण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचे फोन नंबर मागितल्यास देऊ.

जस्ताचा मुलामा आम्ही बाहेरून देऊन घेतो. २००९ मध्ये आमच्या चार हजार स्प्रिंगा ग्राहकाकडे बसवल्यानंतर तुटल्या, कारण मुलाम्यानंतर त्या वेळेत भाजल्या गेल्या नव्हत्या. माल आम्ही बदलून दिला आणि पुढच्या वर्षी स्वतःची भट्टी घेतली. आता मुलामा दिलेला माल चार तासांच्या आत भट्टीत जातो, आणि वेळ व तापमान यांची नोंद सहीनिशी पूर्ण झाल्याखेरीज खेप कारखान्याबाहेर जात नाही. आपल्या खेपेची नोंद मागितल्यास मालाबरोबर पाठवतो.

मालात काही दोष आढळला तर खालच्या नंबरावर फोन करा. तो कारखान्याच्या मालकांपाशी असतो.'

यात एकही 'अग्रगण्य' नाही. 'करत नाही' हा शब्दप्रयोग मात्र आहे आणि तो मी मुद्दाम घातला. जो दुकानदार 'हे आमच्याकडे मिळत नाही, पलीकडे मिळेल' असे सांगतो, त्याने 'हे ताजे आहे' म्हटलेले आपण निमूट मानतो, त्यातलाच हा प्रकार. परत येणाऱ्या मालाची टक्केवारी लिहावी असे चिरंजिवांच्या मनात होते. आकडा लहानही होता. पण तो आम्ही गाळला. काही ग्राहक दोन-चार वाईट स्प्रिंगा परत पाठवण्याऐवजी केरात टाकतात, त्या मोजल्या जात नाहीत. अपुऱ्या मोजणीचा आकडा कितीही खरा वाटला तरी तो पुरावा नव्हे.

जानेवारीत बटणांच्या कंपनीचे खरेदी अधिकारी कारखान्यात आले. नानांनी मला मुद्दाम बोलावले होते. तरुण बाई होत्या. चहा ठेवायला सांगितला तर म्हणाल्या, "चहा नंतर. आधी ती भट्टीची वही बघू." वहीतली मार्चची कोरी पाने त्यांनी बरोबर शोधली आणि बोट ठेवून विचारले, "हे काय?" नाना माझ्याकडे पाहू लागले. मी छताकडे पाहिले. मग नानांनी सगळे सांगितले: माणूस गावी गेला होता, नोंद राहिली, त्यानंतर नियम केला. बाईंनी पुढची पाने एकेक करून पाहिली. ती भरलेली होती.

वर्षाचे काम मिळाले असे मी सांगितले तर गोष्ट गोड होईल. पण झाले ते असे की आधी तीन महिन्यांचे मिळाले, जुन्या ग्राहकाच्या निम्मेसुद्धा नाही. ते नीट गेले म्हणून आणखी तीन महिन्यांचे मिळाले. एका चांगल्या पानाची मजल एवढीच. ते दारापर्यंत माणूस आणते, पुढे स्प्रिंगेने स्वतःचे वजन स्वतःच पेलावे लागते. अकराच्या अकरा माणसे मात्र अजून कामावर आहेत.

या पाडव्याला नवी वही पुजताना नानांनी जवळच त्या पानाची छापील प्रत ठेवायचे ठरवले आहे. दर वर्षी ते वाचायचे, आणि जे खरे उरले नसेल ते खोडायचे. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तात्या, 'चौघांना वीस वर्षं' आता बदलावं लागेल. आता पाच झाले."

"बिलबुकासारखा कागद आहे ना त्याचा?" मी विचारले.

"हजेरीपट आहे," नाना म्हणाले, आणि खाली उतरून गेले.